सॉरी काका, नंबर काढून टाकला

सेक्रेटरी काका, मुलुंड पूर्व (रविवार, दुपारी २:४०)
अहो सोसायटीच्या फायर सिस्टिमच्या कामासाठी हा तिसरा मेसेज आहे तुमचा, रविवारी दुपारी माणूस जरा आडवा होतो तेवढंही समजत नाही का? माझा नंबर दिला कोणी तुम्हाला? फायरवाले सगळे सारखेच. मागच्या एजन्सीने पैसे घेतले, सिलिंडरवर नवीन स्टिकर चिकटवले आणि गेले, पंप चालू करून पण बघितला नाही. परत मेसेज आला तर कंप्लेंट करीन.

मी (३:०५)
काका, सॉरी. पहिल्याला उत्तर नाही आलं तेव्हाच थांबायला हवं होतं, ते माझं चुकलं. नंबर कोणी दिला नाही, जानेवारीत शेजारच्या बिल्डिंगमध्ये काम होतं तेव्हा तुमच्या गेटवरच्या बोर्डाचा फोटो काढला होता. तो बोर्ड रहिवाशांसाठी असतो, माझ्या धंद्यासाठी नाही. फोटो उडवला, नंबरही काढला, आमच्या पोरांना पण सांगितलंय की या सोसायटीला कोणी मेसेज करायचा नाही. आता हे चॅट तेवढं उरलंय, ते पण बोलणं संपलं की काढतो.

काका (३:१२)
गोड बोलून कोटेशन पाठवाल आता.

मी (३:१९)
नाही पाठवणार. पण पंपाचं वाचलं आणि राहवलं नाही, खरंच वाईट वाटलं, कारण वर लोक राहतात ना काका. फायर सिस्टिम चालू आहे असं लिहून देणारा फॉर्म बी वर्षातून दोनदा द्यायचा असतो, जानेवारी आणि जुलै, आणि त्यावर सही करणारी एजन्सी लायसनवालीच लागते. काम कोणालाही द्या, फक्त सही व्हायच्या आधी तुम्ही स्वतः गच्चीवर उभे राहा, होजरील उघडायला लावा, पाणी जोरात येतंय का डोळ्यांनी बघा आणि मगच चेक द्या. सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का ते तर जाता-येता जिन्यात दिसतंच.

काका (३:३१)
लायसन खरं का खोटं कसं कळणार?

मी (३:३४)
महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालय देतं ते. कॉपी मागून घ्या, नाव आणि मुदत दोन्ही बघा. द्यायला कां-कूं केलं तर तिथेच सोडा.

काका (३:५०)
बरं. मघाशी जरा जास्तच बोललो, गेल्या वेळी कमिटीसमोर मलाच ऐकून घ्यावं लागलं होतं त्या पंपावरून, तो राग होता. पण मेसेज नकोच. लागलं तर मीच बोर्डावरून शोधीन, शेजारच्यांच्या गेटवर लावलाय ना तुमचा?

मी (३:५२)
हो, पण गेटवर नाही, लिफ्टच्या बाजूला आहे. तुम्ही चिडलात ते बरोबरच होतं काका. माझ्याकडून आता मेसेज येणार नाही. पडा जरा, झोपमोड केली तुमची.

काका (३:५३)
👍