आठ बाराची गाडी

नमस्कार मंडळी! बसा. नीट, पाय पसरून बसा. काही चेहरे मला दिसताहेत, सकाळपासून पहिल्यांदाच टेकायला मिळालंय त्यांना. आणि ते शेवटचे दादा! खुर्ची रिकामी आहे तरी दारात उभे. तुमच्याकडे येतो मी, शेवटी येतो. हलू नका. अर्थात तुम्ही हलणार नाहीच, मला अनुभव आहे.

अकरा वर्षं मी सकाळची आठ बाराची गाडी पकडतोय. जायला पन्नास मिनिटं, यायला पन्नास. वर्षाचे 250 दिवस धरले तर वर्षाला सतरा दिवस झाले. अकरा वर्षांत सहा महिने! सहा महिने ज्यांच्यासोबत काढले, त्यांच्या एव्हाना घरच्या लग्नांना जायला हवं होतं ना आपण? इथे एकाचं नाव माहीत नाही. पण कुणाचा चष्मा कधी बदलला, ते तारखेसकट सांगतो.

आपल्याला इंग्रजीत कम्युटर का म्हणतात, माहितीय? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या रोजच्या प्रवाशांना स्वस्तात पास द्यायच्या. भाडं कमी करून दिलेलं, म्हणून कम्युटेशन तिकीट. ते घेणारा तो कम्युटर. म्हणजे बघा, कवीला ओळखतात कवितेवरून, शिंप्याला शिवण्यावरून, आणि आपल्या अख्ख्या जमातीचं बारसं झालंय डिस्काउंटवरून!

गाडीच्या आधी मला बस लागते. बसचं तुम्हाला ठाऊक आहे. अर्धा तास एक नाही, मग एकदम दोन. स्टॉपवरचे एक काका रोज म्हणतात, "चहाला थांबले असतील दोघं." काका, नाही हो! पहिली बस जरा उशिरा निघते, त्यामुळे पुढच्या स्टॉपवर गर्दी जास्त जमते, ती चढेपर्यंत बसला आणखी उशीर, म्हणून त्याच्या पुढच्या स्टॉपवर आणखी गर्दी. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती येते पळत आणि पुढचीला गाठते. हे मी काकांना समजावलं. काकांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मागच्यात जागा असते?" अकरा वर्षांत बसशास्त्रातला एवढा कामाचा प्रश्न कुणी विचारला नव्हता! दुसऱ्या दिवसापासून काका पहिली बस सोडतात. मागच्या बसच्या खिडकीतून आमच्याकडे बघून हात हलवतात.

आता डब्यात या. आमच्याकडे एक ताई आहेत, त्यांचं स्टेशन पाचवं. पहिलं स्टेशन गेलं की त्या उठतात. बसलेली जागा सोडून! पदर खोचला, पर्स पोटाशी, आणि मोहिमेला सुरुवात. "उतरायचंय? तुम्हाला उतरायचंय? मग सरका." "ताई, अजून तीन स्टेशनं आहेत." "म्हणूनच म्हणतेय, आता सरका." गड सर करायला निघालेल्या माणसाचा चेहरा असतो तो. आणि खरं सांगतो, ज्या दिवशी मला मधल्याच स्टेशनवर उतरायचं असतं, त्या दिवशी मी त्यांच्या मागे उभा राहतो. असा रस्ता मंत्र्याच्या गाडीलाही मिळत नाही.

फोनवाले एक साहेब आहेत. "मी गाडीत आहे, आवाज येत नाहीये," हे ते इतक्या जोरात सांगतात की फोन नसता तरी पलीकडे ऐकू गेलं असतं. त्यांच्या बहिणीचा घराचा वाद आम्हाला पाठ आहे. परवा बोगदा आला, फोन तुटला, आणि समोरचे आजोबा कळवळून म्हणाले, "अहो, मग सही केली का तिने?" डबा गप्प. साहेब म्हणाले, "केली." टाळ्या पडल्या हो!

पाठीवर सॅक घालून गर्रकन वळणारे? त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी बोलू, माझा खांदा बरा झाला की.

पण माझा खरा जीव आहे तो झोपणाऱ्यांवर. एक मुलगा आहे, बावीस-तेवीसचा असेल. बसला की दोन मिनिटांत मान खाली. मग ती मान हळूहळू डावीकडे निघते. थांबते. परत सरळ होते. शेजारचा सुटकेचा श्वास टाकतो, की लगेच धप्प! खांद्यावर. आता इथे शेजाऱ्यांचे प्रकार पडतात. कुणी खांदा हळूच काढून घेतो, कुणी खोकतो. एक धिप्पाड गृहस्थ आहेत, मिशा अशा की तिकीट तपासणारासुद्धा त्यांना आधी नमस्कार करतो. त्यांच्या खांद्यावर हा पोरगा गेला. आम्ही सगळे बघतोय, आता काय होतं! गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. चाळीस माणसांना गप्प केलं त्यांनी. फोनवाले साहेब कुजबुजत बोलायला लागले, इतिहासात प्रथमच! आणि त्या मुलाची गंमत बघा, स्टेशन आलं की त्याचा डोळा बरोब्बर उघडतो. अलार्म नाही, काही नाही. उठतो, खांद्याकडे बघून "थँक्यू" म्हणतो आणि उतरतो. खांद्याच्या मालकाकडे बघतच नाही. खांद्याला थँक्यू!

स्टॅनले मिलग्रम नावाचा एक मानसशास्त्रज्ञ होता. 1972मध्ये त्याने आपल्यासारख्यांवर लिहिलं. त्याच्या विद्यार्थ्यांनी फलाटावर उभ्या असलेल्या रोजच्या प्रवाशांचे फोटो काढले, त्यांनाच दाखवले आणि विचारलं, यातलं कोण ओळखीचं आहे? लोकांनी भराभर चेहरे ओळखले. वर्षानुवर्षं बघतोय, म्हणाले, पण बोललो कधीच नाही. त्याने या नात्याला नाव दिलं, ओळखीचे अनोळखी. मला फार आवडतं ते नाव. आईबाप, भाऊबहीण, मामा, मावशी आणि ओळखीचा अनोळखी. दिवाळीला शुभेच्छा नाहीत, पण दिसला नाही तर चुकल्यासारखं होतं.

तर दादा, आता तुम्ही. म्हणजे तुमचे आमच्या डब्यातले भाऊबंद. आत फुटबॉल खेळता येईल इतकी जागा असली तरी ते दारातच. चढणारा म्हणतो आत व्हा, ते अंग चोरतात. उतरणारा म्हणतो बाजूला व्हा, ते अंग चोरतात. बोटभर हलतात आणि चेहरा असा की अख्खं राज्य दान केलंय. अकरा वर्षं रोज सकाळी मी त्या माणसाला मनातल्या मनात ढकललंय.

गेल्या पावसाळ्यात एका सोमवारी ते दारात नव्हते. सगळे सरसर चढलो. मंगळवारी नाहीत. बुधवारी ताई चढल्या आणि त्या मोकळ्या जागेपाशीच थबकल्या. गुरुवारी आजोबांनी विचारलं, "ते आपले दारातले कुठे गेले?" कोण सांगणार? नाव नाही, नंबर नाही. गाडी इतकी भरलेली, पण दारातल्या त्या दांड्यापाशी कुणी उभं राहीना.

नवव्या दिवशी गाडी आली, आणि दारात ते! हाताला प्लास्टर, पण दुसऱ्या हाताने दांडा धरलेला. आम्ही चढलो. आत जागा होती, तरी सगळे दारातच थांबलो. मिशीवाल्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "आज उशीर झाला?"

ते म्हणाले, "हो, आठ दिवस."

आणि अंग चोरून बोटभर आत सरकले.