विषय: पुणे भेटीचं निमंत्रण, २२ ते २७ नोव्हेंबर २०२६ (पंप हाउसिंगची ट्रायल आणि पुरवठा करार)

प्रति: मिलिंद सर, पर्चेस विभाग, स्टुटगार्ट
सीसी: काट्रिन मॅडम, क्वालिटी (त्यांच्यासाठी इंग्रजी पत्र सोबत जोडलं आहे)
दिनांक: २८ सप्टेंबर २०२६

मिलिंद सर,

सप्रेम नमस्कार.

शुक्रवारी विसर्जन झालं, आजपासून शॉप पुन्हा पूर्ण माणसांनिशी सुरू आहे. गेल्या आठवड्यात फोनवर ठरल्याप्रमाणे तुम्हाला आणि काट्रिन मॅडमना आमच्या भोसरीच्या कारखान्याला भेट देण्याचं हे रीतसर निमंत्रण. कंपनीच्या वतीने मी ते देते आहे, आणि खर्चाबद्दल खाली जे लिहिलं आहे ते आमच्या अकाउंट्सने वाचून मान्य केलेलं आहे.

भेटीचं कारण एकच धरू या: कूलंट पंपाच्या अ‍ॅल्युमिनियम हाउसिंगची डाय तुमच्या समोर चालवायची, पीपीएपी लेव्हल ३ ची फाइल तुमच्या क्वालिटीने जागेवर तपासायची, आणि पार्ट मंजूर झाला तर तीन वर्षांच्या पुरवठा कराराचा मसुदा पक्का करायचा. बाकीच्या दोन पार्टांची चौकशी तुम्ही पाठवली आहे, पण ती या आठवड्यात आणू नये असं माझं मत आहे. हाउसिंगवरचं लक्ष विचलित व्हायला नको.

हाउसिंगचा नेमका प्रश्न तुम्हाला माहीत आहे. गेटच्या विरुद्ध बाजूच्या फ्लँजवर, ओ-रिंगची खाच जिथे मशीन होते, तिथे धातूचे दोन प्रवाह एकमेकांना मिळतात. कास्टिंग बाहेरून स्वच्छ दिसतं, आणि व्हीएमसीवर खाच कापली की टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं उघडी पडतात. लीक टेस्टला तोच पार्ट अडकतो. आम्ही त्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो वाढवला आहे, व्हेंट बदलली आहे आणि दुसऱ्या टप्प्याचा प्लंजर वेग पुन्हा सेट केला आहे. फरक पडला आहे, हे आमचे आकडे सांगतात. पण आमचे आकडे आमच्या मशीनवर, आमच्या माणसांनी घेतलेले आहेत. म्हणून काट्रिन मॅडमनी डाय गार असल्यापासून उभं राहून पाहावं. पहिले शॉट डाय तापवण्यात जातात, ते भंगारात जाणारच. त्यानंतर डायचं तापमान स्थिरावलं की कोणत्या शॉटपासून चांगला माल धरायचा, हे दोघांनी मिळून ठरवावं. हे ई-मेलवर सुटणारं काम नाही, समोरासमोरच हवं.

तारखा अशा. शनिवार २१ नोव्हेंबरला दुपारी जर्मनीहून निघून २२ च्या मध्यरात्री मुंबईत उतरणारं विमान घ्यावं. पुण्याला थेट विमान नाही, आणि दिल्लीमार्गे आलात तर वेळ वाचत नाही. टर्मिनल २ च्या बाहेर आमचा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा असेल. त्या वेळी एक्सप्रेसवे मोकळा असतो, पहाटे पुण्यात पोचाल. हॉटेलच्या खोल्या आम्ही २१ च्या रात्रीपासून घेतल्या आहेत, त्यामुळे पहाटे आल्यावर दुपारच्या चेक-इनची वाट पाहत लॉबीत बसावं लागणार नाही. रविवार पूर्ण विश्रांतीचा.

सोमवार २३ आणि मंगळवार २४ ट्रायलचे. बुधवारी २५ ला मशीनिंग, सीएमएम आणि लीक टेस्ट, आणि त्याच दिवशी निवडक नग बाहेरच्या एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एक्स-रेसाठी जातील. गुरुवारी २६ ला शॉप बंद असतं, भोसरीत आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. म्हणून व्यावसायिक बोलणी त्या दिवशी ठेवली आहेत, हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये, सकाळी १० पासून. मशीनचा आवाज नाही आणि कुणी मला बोलवायला येणार नाही, हे किमतीवर बोलताना बरं असतं. शुक्रवारी २७ ला एक्स-रेचे अहवाल बघून दुपारी १ पर्यंत समारोप, आणि संध्याकाळी ५ ला मुंबईकडे निघायचं. शुक्रवारी संध्याकाळची गर्दी पुण्याकडे येणाऱ्या बाजूला जास्त असते, तरी मी तासाभराची सवड धरली आहे. परतीचं विमान २८ च्या पहाटेचं घ्यावं.

मंगळवारी गुरू नानक जयंतीची बँकांना सुट्टी आहे, शॉप मात्र चालू आहे. त्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमा. आई दरवर्षी अंगणात आणि जिन्यावर पणत्या लावते आणि तिने तुम्हा दोघांना घरी जेवायला बोलावलंच आहे. मिलिंद सर, तुम्ही बरीच वर्षं ही पौर्णिमा पुण्यात पाहिली नसेल, म्हणून आग्रह आहे. तुमच्या कंपनीचे भेटी-पाहुणचाराचे नियम कडक आहेत हे मला माहीत आहे. हे घरचं जेवण आहे, भेटवस्तू वगैरे काही असणार नाही, तसं तुमच्या कम्प्लायन्सला कळवायचं असेल तर हीच ओळ पुढे पाठवा.

आता खर्च. हे मी मुद्दाम लांब लिहिते आहे, कारण ट्रायलच्या निकालावर पाहुणचाराची सावलीही पडू नये असं मला मनापासून वाटतं. काट्रिन मॅडमनी पार्ट नापास केला तर तोही तितक्याच मोकळेपणाने करता यावा.

मार्चमध्ये आम्ही स्टुटगार्टला आलो तेव्हा विमानभाडं आमचं आणि तिथला मुक्काम तुमचा होता. तोच हिशोब इथे उलट बाजूने. विमानाची तिकिटं, व्हिसाची फी, प्रवास विमा, तुमचे पगार आणि दैनिक भत्ते तुमच्या कंपनीकडे. आमच्याकडे मुंबई विमानतळ ते पुणे आणि परत गाडी, टोल आणि ड्रायव्हरचा मुक्काम यांसह. २१ च्या रात्रीपासून २७ च्या सकाळपर्यंत सहा रात्रींसाठी दोन खोल्या नाश्त्यासह, शुक्रवारी संध्याकाळपर्यंतच्या उशिरा चेक-आउटसकट. हॉटेल ते कारखाना रोजची ने-आण. आणि कामाच्या दिवसांतली दोन्ही वेळची जेवणं. हॉटेलचं बिल थेट आमच्या कंपनीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह येईल, तुम्ही चेक-आउटला काही भरायचं नाही. लाँड्री, मिनीबार, खासगी टॅक्सी, खासगी खरेदी हे मात्र ज्याचं त्याने खोलीवरच चुकतं करावं.

ट्रायलचा धातू, मशीनचे तास, माणसं, डायमधली आत्तापर्यंतची दुरुस्ती हे सगळं आमचं. प्रयोगशाळेचं एक्स-रे बिल निम्मं-निम्मं, निकाल काहीही येवो. निकालानुसार पैसे कुणी द्यायचे असं ठेवलं तर अहवाल वाचताना डोळे आधी बिलाकडे जातात, ते मला नको आहे. ट्रायलनंतर डायमध्ये बदल लागला तर कारण पाहू: तुमच्या ड्रॉइंगमध्ये बदल झाला असेल तर खर्च तुमचा, ड्रॉइंग तेच असेल तर आमचा. तुमचं लीक टेस्टचं फिक्स्चर तुम्ही आधी कुरिअरने पाठवणार आहात, त्याचं भाडं तुमचं, इथली कस्टम ड्युटी आणि क्लिअरन्स आमचं. ते १० नोव्हेंबरपर्यंत निघालं पाहिजे. दिवाळी ८ तारखेला आहे, त्या आठवड्यात क्लिअरन्सचं काम संथ होतं, म्हणून त्याआधी निघालं तर अधिक उत्तम. मंजूर नमुने जर्मनीला पाठवण्याचं भाडं आमचं.

या भेटीबद्दल आम्ही तुमच्या कंपनीला किंवा तुम्हा दोघांना कसलीही फी देत नाही, त्यामुळे टीडीएसचा प्रश्न येत नाही. तुम्ही तारीख बदललीत तर तिकिटाचा फरक तुमचा आणि हॉटेलचा रद्द-शुल्क आमचा. तारीख आमच्यामुळे बदलली, म्हणजे मशीन किंवा डाय तयार नसेल, तर तिकीट बदलण्याचा खर्चही आम्ही देऊ, पावतीनुसार. काट्रिन मॅडमना आठवडाभर अजून राहून फिरायचं असेल तर ते त्यांच्या खर्चाने. आमचा ड्रायव्हर त्यांना विश्वासू गाडीवाल्याचा नंबर देईल.

व्हिसाबद्दल. तुमच्याकडे ओसीआय कार्ड आहे, व्हिसा लागणार नाही. पासपोर्ट अलीकडे नवा काढला असेल तर त्याची प्रत आणि फोटो ओसीआय पोर्टलवर चढवलेले असू द्या. काट्रिन मॅडमनी ई-बिझनेस व्हिसा घ्यावा, तो फक्त indianvisaonline.gov.in या सरकारी संकेतस्थळावरूनच. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट्स जादा पैसे घेतात. पासपोर्ट येण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी. अर्जाला आमचं निमंत्रणपत्र आणि बिझनेस कार्ड लागतं, दोन्ही सोबत जोडली आहेत. पत्रात भेटीचा हेतू, तारखा आणि खर्चाची वाटणी इथल्याप्रमाणेच लिहिली आहे. अर्ज येण्याच्या चार दिवस आधीपर्यंत करता येतो, पण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तो झालेला असावा. विमानतळावर उतरण्यापूर्वी ७२ तासांच्या आत ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं, त्यात पुण्याच्या हॉटेलचा पत्ता घाला. हॉटेलवाले पासपोर्टची प्रत घेऊन परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा सरकारी फॉर्म भरतात, ती नेहमीची पद्धत आहे, काट्रिन मॅडमना आधी सांगून ठेवा म्हणजे काउंटरवर त्या गोंधळणार नाहीत.

शॉपमध्ये सेफ्टी शूज सक्तीचे आहेत. मापं कळवा, आम्ही ठेवतो. नोव्हेंबरअखेरीस पुण्यात सकाळी हलका स्वेटर लागतो, दुपारी भट्टीजवळ तो नकोसा होतो. शाकाहारी जेवण रोज असेल, काट्रिन मॅडमना कशाची अ‍ॅलर्जी आहे का तेवढं विचारा.

९ ऑक्टोबरपर्यंत दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत, विमानांची वेळ आणि खर्चाच्या वाटणीला तुमचा होकार या मेलवरच कळवावा. त्यातलं काही पटत नसेल तर आत्ताच स्पष्ट सांगा, मी त्याच दिवशी फोन करेन. हॉटेलची आगाऊ रक्कम तुमच्या होकारानंतर भरणार आहे.

आपली,
मेधा करंदीकर
संचालक, करंदीकर डाय कास्टिंग
एमआयडीसी, भोसरी, पुणे

सोबत: निमंत्रणपत्र (लेटरहेडवर, इंग्रजी), बिझनेस कार्डची प्रत, ट्रायलचं वेळापत्रक, हॉटेलचा पत्ता