किरायानाम्यातील कलम 9 : तुझ्यावरच्या जबाबदाऱ्या, मुदती आणि दंड

इंदूर, 22 जून 2025

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

स्कीम नंबर 78 मधील फ्लॅटच्या किरायानाम्याच्या तिसऱ्या पानाचा फोटो मिळाला. येत्या शनिवारी, 28 तारखेला तुला सही करायची आहे, म्हणून त्यातील कलम 9 चा मजकूर साध्या मराठीत लिहून पाठवते. करारात "प्रथम पक्ष" म्हणजे घरमालक आणि "द्वितीय पक्ष" म्हणजे तू. तू फोनवर सांगितल्याप्रमाणे भाडे महिना 14,000 रुपये, डिपॉझिट 28,000 रुपये आणि मुदत 1 जुलै 2025 ते 31 मे 2026, अशी अकरा महिन्यांची आहे. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे सक्तीची असल्यामुळे अकरा महिन्यांचा करार करण्याची पद्धत सर्वत्र आहे, त्यामुळे त्यात शंका घेण्यासारखे काही नाही.

आधी फोटोबद्दल. दोन ठिकाणी मजकूर वाचता येत नाही. उपकलम (ङ) मधील रंगरंगोटीच्या रकमेचा पहिला आकडा फ्लॅशच्या चमकेखाली गेला आहे. तो 6 आहे की 8 हे मोठे करून पाहिले तरी ठरत नाही. पानाची शेवटची ओळ "परन्तु यदि प्रथम पक्ष को स्वयं के" एवढ्यावर तुटली आहे. या दोन्ही जागा अंदाजाने भरून चालणार नाही. पान सपाट ठेवून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून पुन्हा फोटो काढ आणि चौथ्या पानाचाही पाठव, कारण तुटलेले वाक्य बहुधा तिथेच पूर्ण होते.

उपकलम (क) भाड्याचे आहे. प्रत्येक महिन्याचे भाडे त्याच महिन्याच्या 5 तारखेपर्यंत, आगाऊ, घरमालकाच्या बँक खात्यात जमा करण्याची जबाबदारी तुझी आहे. 6 तारखेपासून रोज 100 रुपये विलंब शुल्क लागते. 15 तारखेपर्यंतही भाडे जमा झाले नाही, तर घरमालक तुला पंधरा दिवसांची नोटीस देऊन घर रिकामे करण्यास सांगू शकतो, असे पुढे लिहिले आहे. कागदावर हे साधे वाटते, पण तुझा पगार 7 तारखेला होतो. जुलैचे भाडे तू सही करतानाच देणार आहेस. उरलेल्या दहा महिन्यांत तू पगाराच्या दिवशीच भाडे भरलेस तरी दर महिन्याला 6 आणि 7 असे दोन दिवस उशिराचे धरले जातील, म्हणजे काहीही न चुकवता 2,000 रुपये जातील. म्हणून या एका तारखेसाठी आग्रह धर : 5 च्या जागी 10 करून घे. नोकरदार भाडेकरूला बहुतेक घरमालक एवढी सवलत देतात, मात्र ती सहीच्या आधी मागावी लागते.

पंधरा दिवसांच्या नोटिशीने घाबरून जाऊ नकोस. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 च्या कलम 12 प्रमाणे थकबाकीच्या कारणावरून घर खाली करून घ्यायचे असेल तर घरमालकाने आधी थकीत भाड्याची मागणी करणारी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूने पूर्ण थकबाकी भरली किंवा भरण्याची तयारी दाखवली नाही तरच ते कारण उभे राहते, आणि तरीही हुकूम न्यायालयाचा लागतो. दाराला परस्पर कुलूप लावण्याचा अधिकार या उपकलमाने कोणालाही मिळत नाही. अर्थात याचा उपयोग अडचणीच्या वेळी करायचा. दर महिन्याला भाडे लांबवण्यासाठी नव्हे.

(ख) विजेचे व सोसायटीच्या देखभालीचे बिल. विजेचे बिल छापील अंतिम तारखेच्या आत भरायचे आणि पावती तीन दिवसांत घरमालकाला दाखवायची. बिल थकल्यामुळे जोडणी कापली गेली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा सगळा खर्च तुझा. राहायला जाशील त्या दिवशी मीटरवरील आकडा दिसेल असा फोटो काढून घरमालकाला लगेच पाठव, म्हणजे मागच्या भाडेकरूची युनिटे तुझ्या नावावर येणार नाहीत.

आता (ग) आणि (घ). ही दोन्ही एकत्र वाचायला हवीत, आणि या कलमातील सर्वांत मोठी रक्कम इथेच अडकलेली आहे. पहिले सहा महिने, म्हणजे 31 डिसेंबर 2025 पर्यंत, लॉक-इन अवधी आहे, त्यात तू घर सोडू शकत नाहीस. सोडलेस तर या सहा महिन्यांतील उरलेल्या सगळ्या महिन्यांचे भाडे द्यायचे. तू मागे म्हणाली होतीस की कंपनी पुण्याला पाठवू शकते. समज, तू सप्टेंबरअखेर गेलीस, तर ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या तीन महिन्यांचे 42,000 रुपये मागितले जातील. डिपॉझिटचे 28,000 त्यातच संपतील आणि वर 14,000 रुपये तुला खिशातून द्यावे लागतील. 1872 च्या करार कायद्याचे कलम 74 सांगते की करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देते. उदाहरणार्थ, घरमालकाने नोव्हेंबरमध्येच दुसरा भाडेकरू ठेवला, तर डिसेंबरचे भाडे तुझ्याकडून घेण्याला फारसा आधार राहत नाही. परंतु डिपॉझिट त्याच्या हातात असते, त्यामुळे भांडावे तुला लागेल. त्यापेक्षा "नोकरीतील बदलीचे पत्र दाखविल्यास फक्त एक महिन्याचे भाडे देय राहील" एवढे वाक्य आत्ताच घालून घे.

(घ) म्हणते की लॉक-इन अवधीनंतर कोणत्याही पक्षाने एक महिन्याची लिखित सूचना देऊन करार संपवावा. सूचना न दिल्यास एका महिन्याचे भाडे, म्हणजे 14,000 रुपये द्यावे. यातील वाक्यरचना संदिग्ध आहे. सूचना डिसेंबरमध्ये देऊन 31 डिसेंबरला निघता येईल, की सूचनाच 1 जानेवारीनंतर द्यायची आणि जानेवारीअखेर निघायचे, हे त्यातून स्पष्ट होत नाही. घरमालक दुसरा अर्थ लावणार हे धरून चाल, म्हणजे एका महिन्याच्या भाड्याचा फरक पडतो. "सूचना लॉक-इन अवधीतही देता येईल" असे लिहून घेतलेस की प्रश्न मिटतो. शिवाय "लिखित" मध्ये व्हॉट्सअॅप आणि ईमेल धरले जातील का, तेही लिहून घे. नाहीतर स्पीड पोस्टने पत्र पाठवून त्याची पावती जपून ठेवावी लागेल.

(ङ) दुरुस्तीचे. नळ, बटण, बल्ब अशा 500 रुपयांपर्यंतच्या दुरुस्त्या तुझ्या, त्यावरच्या घरमालकाच्या. मात्र मोठा बिघाड दिसल्यापासून सात दिवसांत लेखी कळवले नाहीस तर वाढलेले नुकसान तुझ्या माथी येते. पावसाळा तोंडावर आहे. खिडकीखाली किंवा छताला ओल दिसली, तर त्याच संध्याकाळी फोटोसह कळव. घर सोडताना रंगरंगोटीसाठी 6,000 किंवा 8,000 रुपये कापले जातील असेही इथेच आहे. आपण 8,000 धरू. म्हणजे काहीही न मोडता तुझ्या हातात डिपॉझिटपैकी जास्तीत जास्त 20,000 येतील. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 मध्ये वापरामुळे होणारी साधारण झीज भाडेकरूच्या जबाबदारीतून वगळली आहे, पण करारात वेगळे ठरले असेल तर ते चालते. म्हणून रक्कम आकड्यासोबत अक्षरांतही लिहायला लाव आणि "अकरा महिने पूर्ण राहिल्यासच" किंवा "प्रत्यक्ष खर्चाच्या बिलाप्रमाणे" यांपैकी एक अट जोडून घे. दोन महिन्यांत सोडलेल्या घराच्या रंगाचे पूर्ण पैसे घेणे मला योग्य वाटत नाही.

(च) मुदत संपण्याचे. पुढे राहायचे असेल तर मुदतीच्या किमान तीस दिवस आधी लेखी कळवायचे, आणि नवीन भाडे दहा टक्क्यांनी वाढून 15,400 रुपये होईल. 1 मे ही काठावरची तारीख आहे, म्हणून 25 एप्रिल 2026 पर्यंत कळवून मोकळी हो. नवा करार न करता 31 मेनंतर राहिलीस, तर दुप्पट दराने रोजचे भाडे, म्हणजे 28,000 भागिले 30, दिवसाला सुमारे 933 रुपये, अशी आकारणी लिहिली आहे.

(छ) मध्ये घरमालकाची एकमेव मुदत आहे : घराचा ताबा घेतल्यापासून तीस दिवसांत, कपात करून, बिनव्याजी डिपॉझिट परत करणे. तुला उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये, त्याला झाला तर काहीच नाही, हे मला पटत नाही. तिथेही "विलंब झाल्यास प्रतिदिन 100 रुपये" हेच शब्द घालण्याचा आग्रह धर, आणि कपातीचा हिशेब बिलांसह द्यावा असेही लिहून घे. ताबा दिल्याच्या दिवशी चावी मिळाल्याची दोन ओळींची पोच घे. तीस दिवस त्या दिवसापासून मोजले जातात.

राहता राहिली ती तुटलेली ओळ. "प्रथम पक्ष को स्वयं के" यापुढे बहुधा "निवास हेतु आवश्यकता हो" अशा अर्थाचे काही असावे, म्हणजे घरमालकाला स्वतःला राहायला घर हवे असेल तर तुला आधी उठवण्याची सोय. तसे असेल तर लॉक-इन फक्त तुलाच बांधतो आणि त्याला नाही. स्वतःच्या निवासाची खरी गरज हे 1961 च्या अधिनियमात घर रिकामे करून घेण्याचे एक कारण आहेच, परंतु तेही न्यायालयात सिद्ध करावे लागते. करारातल्या एका ओळीने ते आपोआप होत नाही. पूर्ण वाक्य पाहिल्याशिवाय मी याबद्दल पक्के काही सांगणार नाही आणि तूही त्याशिवाय सही करू नकोस.

बदल तोंडी मान्य झाले तरी पुरेसे नाहीत. ते टंकून नवे पान काढायला सांग. हाताने दुरुस्ती केली तर प्रत्येक दुरुस्तीशेजारी दोघांच्याही सह्या हव्यात. दोन्ही पानांचे नवे फोटो मंगळवारी संध्याकाळपर्यंत पाठव. बुधवारी मी कोर्टातून चारनंतर मोकळी असते, तेव्हा बदललेली वाक्ये हिंदीत लिहून देते, म्हणजे गुरुवारी तुला ती घरमालकाला पाठवता येतील.

तुझी आत्या