आई-बाबांच्या वहीचे जोडपान : नोव्हेंबर २०२५

डावे पान : महिना आणि आई-बाबा

रविवारच्या बोलण्यात ठरलेले सर्व या पानावर उतरवले आहे. त्याचा फोटो दादा, वहिनी आणि गौरी यांना ग्रुपवर पाठवला असून मोठ्या अक्षरांतली छापील प्रत कोथरूडच्या घरी फ्रिजवर लावायची आहे. आई-बाबांनी हे पान वाचून ज्या दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या केलेल्या आहेत. त्यांच्यासंबंधीचे कोणतेही पान त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पक्के धरायचे नाही.

२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी. आई उपवास करणारच आहे आणि तो तिने करू नये असे सांगण्याचा प्रयत्न आपण कोणीही करायचा नाही, कारण असे सांगितले की ती उपवास सोडत नाही, तो करते हे सांगणे सोडते. इन्सुलिन नेहमीचे आणि जेवण मात्र कमी, यात खरा धोका आहे. म्हणून त्या दिवशी डोस किती घ्यायचा हे दादाने शुक्रवारीच डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि कागदावर लिहून औषधांच्या डब्यात ठेवावे. साबुदाण्याने साखर एकदम चढते, तेव्हा भगर, दाण्याची आमटी आणि राजगिऱ्याची भाकरी, आणि तीही नेहमीच्या जेवणाच्याच वेळी, हे आईने स्वतःहून मान्य केले आहे. सकाळी, दुपारी चारला आणि झोपण्यापूर्वी साखर तपासावी. ती ७० च्या खाली गेली किंवा हात थरथरून घाम सुटला, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि अशा वेळी उपवास मोडेल का हा विचार करू नये. आईला नीट गिळता येत नसेल किंवा तिची शुद्ध हरपत असेल, तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करावा.

आईच्या गोळ्यांचा क्रम. थायरॉइडची गोळी सकाळी सहाला उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि त्यानंतर निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियमची गोळी तिच्याजवळ आली की थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर हवे, म्हणून कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. गेल्या महिन्यात मावशी दोन्ही गोळ्या एकाच वाटीत काढून ठेवत होत्या. त्यांचा यात दोष नाही, कारण त्यांना अंतराचे कारण कोणी सांगितलेच नव्हते. आता सकाळच्या आणि दुपारच्या गोळ्यांसाठी दोन वेगवेगळ्या रंगांचे डबे आणले आहेत. इन्सुलिनचे न उघडलेले पेन फ्रिजच्या दारात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरात घेतलेल्या पेनावर उघडल्याची तारीख पेनाने लिहावी आणि अठ्ठावीस दिवसांनी ते टाकून द्यावे. सध्याचे पेन २४ ऑक्टोबरला उघडलेले आहे, म्हणजे २१ नोव्हेंबरला बदलायचे.

१० नोव्हेंबर, सोमवार. रक्त घेण्यासाठी लॅबचा माणूस सकाळी सातला घरी येईल. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी आणि थायरॉइड या तिन्ही तपासण्या एकदमच आहेत. त्या दिवशी थायरॉइडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची.

१९ नोव्हेंबर, बुधवार. बाबांची दाढ काढायची आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी दोन दिवस बंद ठेवू, असे त्यांनी शेजारच्या काकांचे ऐकून मनाशी ठरवले होते. स्टेंट बसवलेल्या माणसाने ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही थांबवू नये. हृदयरोगतज्ज्ञांचे लेखी मत आणि दंतवैद्यांचा होकार या दोन्ही गोष्टी १५ तारखेपर्यंत माझ्या हाती यायला हव्यात. आल्या नाहीत तर दाढेची तारीख पुढे ढकलायची.

पेन्शन आणि कागदपत्रे. बाबांचा हयातीचा दाखला या महिन्यातच द्यायचा आहे. तो राहिला तर दाखला पोहोचेपर्यंत पेन्शन थांबते. बँकेत रांग लावण्याची गरज नाही. दादाने ८ तारखेला, शनिवारी सकाळी, जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप स्वतःच्या फोनवर घेऊन घरी जावे. बाबांना खिडकीकडे तोंड करून बसवावे, कारण अंधाऱ्या खोलीत चेहरा ओळखला जात नाही. आधार, पीपीओ क्रमांक आणि बँकेचे पासबुक निळ्या फाइलमध्ये आहे. दाखला तयार झाल्याचा प्रमाण क्रमांक एसएमएसने येतो, त्याचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर यावा. काही कारणाने हे जमले नाही, तर पोस्टमन घरी येऊन हेच काम करून देतो, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. मार्चमध्ये बाबांना ऐंशीवे लागत नसून ऐंशी पूर्ण होत आहेत, तेव्हा त्या महिन्याच्या १ तारखेपासून त्यांच्या मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ लागू होईल. बँकेकडे त्यांची जन्मतारीख बरोबर नोंदलेली आहे ना, हे मी या महिन्यातच तपासून घेत आहे.

उजवे पान : कोणाकडे काय

आतापर्यंत आपली वाटणी अंतरावर चालत होती. दादा वाकडला राहतो म्हणून नळ गळण्यापासून ते रात्रीच्या तापापर्यंत सगळे त्याच्याकडे आणि वहिनीकडे जात होते, आणि गौरी आणि मी फोनवरून सूचना करत होतो. वाकडहून कोथरूडला संध्याकाळी पोहोचायला तास-दीड तास मोडतो, हे बंगळुरूत किंवा म्युनिकमध्ये बसून लक्षात येत नाही. या महिन्यापासून वाटणी कामाच्या विषयावर आहे. ज्याच्याकडे जो विषय, त्याने त्यातली आठवण ठेवण्यापासून निर्णय घेण्यापर्यंत सर्व पाहायचे, आणि इतरांनी त्याला विचारल्याशिवाय त्यात हात घालायचा नाही. प्रत्यक्ष जाऊन करण्याची कामे दादाला सांगता येतील, परंतु ती आदल्या आठवड्यात या पानावर लिहूनच.

माझ्याकडे औषधे आणि डॉक्टर. अपॉइंटमेंट घेणे, अहवाल एकत्र ठेवणे, सीजीएचएसच्या कार्डांचे काम, औषधे संपण्याच्या दहा दिवस आधी मागवणे, हे सर्व मी पाहते. डॉक्टरांना भेटताना दादा बाबांबरोबर आत असेल तेव्हा मला फोनवर घ्यावे. विचारायचे प्रश्न मी आदल्या रात्री पाठवीन. डॉक्टर काय म्हणाले हे बाबांना कमी ऐकू आल्यामुळे अर्धेच कळते आणि विचारले की ते "सगळे ठीक आहे" असे सांगतात.

गौरीकडे पैसे आणि संध्याकाळचा फोन. पुण्यात रात्री साडेआठ वाजतात तेव्हा तिच्याकडे दुपारचे चार असतात, आणि ती वेळ तिला सोयीची आहे. बाबांसाठी हा फोन व्हिडिओवर करावा, म्हणजे त्यांना ओठांवरून समजते. महावितरण, गॅस, सोसायटी, दिवसपाळीच्या ताई आणि मावशी यांचे पैसे सामाईक खात्यातून तिनेच भरायचे. त्या खात्यात कोणी किती घालायचे, हे समान तीन भागांत न करता कमाईच्या प्रमाणात ठरवले आहे आणि दादाचा भाग मुद्दाम कमी ठेवला आहे. तो आणि वहिनी जो वेळ देतात त्याचा हिशेब पैशांत पूर्ण होत नाही, तरी निदान तेवढा तरी धरायला हवा. दादाने याला नकार दिला होता. आम्ही दोघी बहिणींनी तो मान्य केलेला नाही.

दादाकडे घर आणि माणसे. न्हाणीघरात कमोडजवळ आणि दाराशी पकडायचे दांडे, रात्रीचा दिवा, ताईंची सुट्टी आणि बदली. घराची एक किल्ली समोरच्या कुलकर्णी काकूंकडे आहे आणि आतली कडी रात्री लावायची नाही, हे आईने कबूल केले आहे. बाबांचे मन वळायचे आहे आणि ते दादानेच वळवावे, माझ्या सांगण्याने ते हटून बसतात.

१४ ते १७ नोव्हेंबर. दादा, वहिनी आणि मुले कोकणात जात आहेत. या चार दिवसांत त्यांना घरातून एकही फोन जाणार नाही. मी १३ तारखेला रात्री लोहगावला उतरून थेट कोथरूडला येत आहे. अशी सुट्टी दर तीन महिन्यांनी आधीच पानावर लिहून ठेवायची, दमल्यावर मागायची नाही.

अचानक काही झाले तर. पहिला फोन १०८, दुसरा काकूंना, तिसरा दादाला. मला आणि गौरीला दादाने फोन करत बसू नये. तो ग्रुपवर एक ओळ टाकेल आणि आम्ही दोघी मिळून बाकीच्या नातेवाइकांना कळवू. सीजीएचएसच्या यादीतल्या जवळच्या दोन रुग्णालयांची नावे, दोघांच्या गोळ्यांची यादी, आईची पेनिसिलिनची ॲलर्जी आणि बाबांच्या स्टेंटचा कागद लाल पाकिटात दाराच्या मागे टांगलेला आहे. गोळी बदलली की त्या यादीची नवी प्रत मी पाठवते, जुनी फाडायची.

पोलीस किंवा सीबीआय असल्याचे सांगून व्हिडिओवर "डिजिटल अटक" करणारा फोन आला, तर बाबांनी तो बंद करून गौरीला कळवायचे आहे. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील, तर त्याच तासात १९३० ला फोन. बाबांना कमी ऐकू येते म्हणून ते अशा माणसाला वाक्य पुन्हा म्हणायला सांगतात आणि बोलणे लांबत जाते, तेव्हा हे त्यांना घाबरवून न सांगता, वर्तमानपत्रातली बातमी समोर ठेवून सांगावे.

आई-बाबांनी सांगितलेले. आईची मंगळवारची भजनी मंडळाची वेळ कोणत्याही डॉक्टरसाठी मोडायची नाही. बाबा संध्याकाळी पाच ते साडेसहा ज्येष्ठांच्या कट्ट्यावर असतात, त्या वेळेत फोन उचलला नाही तर काळजी करू नये, साडेसहानंतर करावी. दोघांनाही कोथरूड सोडायचे नाही. हा विषय आपल्यापैकी कोणीही, गमतीनेसुद्धा, त्यांच्यासमोर पुन्हा काढणार नाही.

डिसेंबरच्या पानावर न्यायचे. बाबांच्या श्रवणयंत्राची तपासणी, आईचा मोतीबिंदू पुन्हा दाखवणे, बाबांच्या बँक खात्यातले वारसदाराचे नाव आणि, दोघांनी होकार दिला तर, इच्छापत्राविषयी वकिलांशी पहिली भेट. भेटीला तिन्ही मुलांपैकी कोणी आत बसायचे की नाही, हे आई-बाबा ठरवतील.