गुणदान निकष : इयत्ता दहावी, पूर्वपरीक्षा, गणित भाग १ व भाग २
(नाशिकरोड आणि पंचवटी या दोन्ही शाखांतील गणित शिक्षकांसाठी)

सहामाहीच्या वेळी एकाच प्रकारच्या उत्तराला नाशिकरोडला १ गुण पडला आणि पंचवटीत ३½. दोन्ही मुलांनी समीकरण बरोबर मांडले होते आणि दोघांचीही चूक शेवटच्या आधीच्या ओळीत होती. फरक तपासणाऱ्याचा होता. पूर्वपरीक्षेत तो राहू नये म्हणून हे निकष ठरवले आहेत.

हे निकष प्रश्न २ (ब), ३ (ब), ४ आणि ५ यांना लागू आहेत. बहुपर्यायी प्रश्न आणि कृती पूर्ण करण्याचे प्रश्न नेहमीप्रमाणे आदर्श उत्तरपत्रिकेनुसार तपासावेत.

गुण कशाचे

प्रत्येक उत्तरातले गुण तीन प्रकारचे धरायचे आहेत. समासात लाल पेनने गुणाशेजारी अक्षरही लिहावे, म्हणजे उत्तरपत्रिका हातात आल्यावर मुलाला आपले कुठे अडले ते कळेल.

प (पद्धत) : चल मानणे, समीकरण किंवा गुणोत्तर मांडणे, योग्य सूत्र वा प्रमेय निवडून या उदाहरणाला लावणे. नुसते सूत्र लिहिले आणि त्यात काहीच भरले नाही, तर गुण नाही.

ग (गणन) : बेरीज, गुणाकार, अवयव, किंमत काढणे.

न (निष्कर्ष) : उत्तर प्रश्नाच्या संदर्भात लिहिणे, एकक देणे, न चालणारी किंमत कारण देऊन सोडणे.

चार गुणांच्या उदाहरणात 'प'चे किमान दीड गुण असलेच पाहिजेत. नुसत्या अंतिम उत्तराला अर्ध्या गुणापेक्षा जास्त कधीही नाही. कोरे उत्तर बरोबर असेल तरी तेवढेच. मात्र कच्चे काम पानाच्या कडेला किंवा मागच्या पानावर असेल तर ते शोधून वाचावे. ते मुलाचेच काम आहे.

चुकीची शिक्षा एकदाच

एका पायरीत चूक झाली आणि पुढच्या पायऱ्या त्या चुकीच्या किमतीवर पण योग्य रीतीने केल्या, तर पुढचे 'प' आणि 'ग' पूर्ण द्यावेत आणि समासात 'पुढे' लिहावे. याला दोन अपवाद आहेत. चुकीमुळे उदाहरण सोपे झाले असेल, म्हणजे वर्गसमीकरणाचे रेषीय समीकरण झाले असेल, तर जे काम करावेच लागले नाही त्याचे गुण नाहीत. दुसरा अपवाद 'न'चा. बागेची रुंदी ऋण आली किंवा संभाव्यता १ पेक्षा मोठी आली आणि मुलाने ती तशीच लिहिली, तर निष्कर्षाचा गुण जातो. पण 'हे शक्य नाही, कुठेतरी चुकले आहे' एवढे जरी त्याने लिहिले, तर निष्कर्षाचा अर्धा गुण द्यावा. परीक्षेच्या घाईत स्वतःच्या उत्तरावर शंका घेणे हे गणितच आहे.

नमुना १ : भाग १, प्रश्न ४, गुण ४

एका आयताकृती द्राक्षबागेची लांबी रुंदीपेक्षा २० मीटरने जास्त असून क्षेत्रफळ २४०० चौरस मीटर आहे. लांबी व रुंदी काढा.

| पायरी | गुण |
|---|---|
| रुंदी x मानून x(x + 20) = 2400 | १ प |
| x² + 20x − 2400 = 0 | ½ ग |
| (x + 60)(x − 40) = 0 | ½ प, ½ ग |
| x = −60 किंवा x = 40 | ½ ग |
| रुंदी ऋण नसते म्हणून −60 त्याज्य | ½ न |
| रुंदी ४० मी, लांबी ६० मी | ½ न |

समजा एकाने (x − 60)(x + 40) = 0 असे अवयव पाडून रुंदी ६० मी, लांबी ८० मी लिहिली. ६० आणि ४० ही फोड त्याला सापडली आहे, चुकले ते चिन्ह. अवयवांचा ½ ग आणि उत्तराचा ½ न वजा. बाकी सगळे मिळेल, −40 कारण देऊन सोडल्याचा अर्धा गुणसुद्धा. एकूण ३. सूत्राने किंवा पूर्ण वर्ग करून सोडवल्यास अवयवांच्या ओळीचा एक गुण त्या रीतीला द्यावा.

नमुना २ : भाग २, प्रश्न ४, गुण ४

जमिनीवरील एका बिंदूतून मनोऱ्याच्या टोकाचा उन्नत कोन ६०° आहे. मनोऱ्यापासून सरळ रेषेत आणखी ४० मीटर मागे गेल्यावर तो ३०° होतो. मनोऱ्याची उंची काढा. (√3 = 1.73)

आकृती व नावे १ प. tan 60° = h/x आणि tan 30° = h/(x + 40) यांना १ (½ प, ½ ग). दोन्हींवरून 3x = x + 40, म्हणून x = 20, याला १ (½ प, ½ ग). h = 20√3 = 34.6 याला ½ ग आणि एककासह उत्तराला ½ न.

हे उदाहरण तपासताना विशेष जपावे. tan 30° आणि tan 60° च्या किमतींची अदलाबदल ही मुलांची नेहमीची चूक आहे. ती इथे झाली तर x = 3x + 120 येते, म्हणजे x = −60 आणि h = −60/√3, अर्थात −34.6. मुलाने वजाचे चिन्ह हळूच गाळले की खाली '३४.६ मी' दिसते आणि आदर्श उत्तराशी तंतोतंत जुळते. फक्त शेवटची ओळ पाहणारा इथे चारही गुण देईल. आपण आकृतीचा १, गुणोत्तरे मांडल्याचा ½ आणि पुढच्या सोडवणुकीचा १ असे २½ द्यायचे. चिन्ह गाळल्यामुळे शेवटचे दोन्ही अर्धे गुण नाहीत.

उलट, एखादी मुलगी तीन ओळींतच उत्तर देईल: बाह्यकोन ६०°, आतला एक ३०°, म्हणून दुसराही ३०°; त्रिकोण समद्विभुज, म्हणून तिरकी बाजू ४० मी; h = 40 × sin 60° = 34.6 मी. हे पूर्ण ४ गुणांचे उत्तर आहे. आकृती १, समद्विभुज असल्याचे कारण १½, sin चे गुणोत्तर १, उत्तर ½. उत्तर लहान आहे म्हणून किंवा वर्गात ही रीत शिकवली नव्हती म्हणून एक चतुर्थांशही कापू नये. कारण लिहिले नसेल तर मात्र तो दीड गुण जाईल.

सिद्धता आणि रचना

सिद्धतेत प्रत्येक विधानापुढे कारण हवे. समरूपतेची कसोटी लिहायची राहिली तर त्या उत्तरात एकदाच ½ वजा, प्रत्येक ओळीला नाही. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले असेल तर त्यापुढच्या पायऱ्यांना गुण नाहीत. रचनेत कच्ची आकृती आणि कंपासच्या खुणा पाहाव्यात. खुणा नसतील तर नेमक्या दिसणाऱ्या आकृतीलाही रचनेचे गुण नाहीत.

खाडाखोड, अक्षर, शुद्धलेखन यांसाठी काहीही वजा करू नये. खोडलेल्या उत्तराच्या जागी दुसरे लिहिले नसेल तर खोडलेले वाचून गुण द्यावेत. एकच उदाहरण दोन रीतींनी सोडवले असेल तर जास्त गुणांचे धरावे.

तपासणीची रीत

गठ्ठा हाती घेतल्यावर आधी पाच उत्तरपत्रिका पेन्सिलने तपासून दुसऱ्या शाखेच्या शिक्षकांशी अदलाबदल करावी. कोणत्याही एका उत्तरात एकापेक्षा जास्त गुणांचा फरक आला तर दोघांनी ते उत्तर समोर ठेवून बोलावे आणि ठरेल ते मला कळवावे, म्हणजे सर्वांना ते लागू होईल. त्यानंतर संपूर्ण गठ्ठ्यातला एकच प्रश्न सलग तपासावा, मग पुढचा. निकषांत न बसणारे उत्तर आले तर गुणांची जागा मोकळी ठेवून ती उत्तरपत्रिका बाजूला काढावी. अशा सगळ्या उत्तरपत्रिका शनिवारी दुपारी नाशिकरोडच्या शिक्षक कक्षात एकत्र बसून पाहू.