कापशी कोल्हापुरी (पुरुष): ₹1,890, सर्व करांसह

6 ते 10 नंबरपर्यंत एकच भाव, ₹1,890. 11 आणि 12 नंबरला चामडं जास्त लागतं, म्हणून ते जोड ₹1,995 ला आहेत. दोन्ही भावांत जीएसटी धरलेला आहे, पैसे भरताना तो वेगळा लागणार नाही. घरपोच खर्च मात्र या भावात नाही. तो पत्त्याप्रमाणे बदलतो आणि खाली पूर्ण दिला आहे. पक्कं बिल प्रत्येक जोडाबरोबर मिळतं.

घरी येईपर्यंत एकूण किती?

महाराष्ट्र आणि गोवा: ₹1,890 + कुरिअर ₹84 = ₹1,974
बाकीचा भारत: ₹1,890 + कुरिअर ₹126 = ₹2,016
ईशान्येकडची राज्यं, जम्मू-काश्मीर, लडाख, अंदमान, लक्षद्वीप: ₹1,890 + कुरिअर ₹210 = ₹2,100

(हे आकडे 6 ते 10 नंबरचे. 11 आणि 12 ला प्रत्येकी ₹105 वाढवून धरा.)

कुरिअरच्या आकड्यातही कर आलेला आहे. पॅकिंगचे वेगळे पैसे नाहीत. यूपीआयने भरा, कार्डाने भरा किंवा नेटबँकिंगने, रक्कम तीच राहते. पिनकोड टाकलात की शेवटची रक्कम पहिल्याच पडद्यावर दिसते आणि पैसे भरण्याच्या पानावरही तीच असते. दोन्हीकडे वेगळा आकडा दिसला तर पैसे भरू नका, आम्हाला कळवा.

एका खोक्यात दोन जोड बसतात, म्हणून एकाच पत्त्यावर दोन जोड मागवले तरी कुरिअर एकदाच लागतं. तिसऱ्या जोडाला दुसरं खोकं आणि दुसरं कुरिअर. चार जोडांपासून पुढे भारतात कुठेही कुरिअर आमच्याकडून. ते पैसे चपलेच्या भावात चढवलेले नसतात, चौथ्या जोडाचाही भाव ₹1,890 च.

घरी माल आल्यावर रोख द्यायचे असतील तर ती सोय फक्त महाराष्ट्र आणि गोव्यात आहे. त्याचे ₹63 जास्त, म्हणजे एका जोडाचे एकूण ₹2,037. कुरिअरवाला ही रक्कम पोचवायचे म्हणून घेतो, आम्ही त्यावर काही ठेवत नाही. आधीच पैसे भरले असतील तर दारात आलेल्या माणसाला एक रुपयाही द्यायचा नाही. कुणी मागितला तर पार्सल हातात घेण्याआधी फोन करा.

बिलात काय दिसेल

पुण्याच्या पत्त्यावर 9 नंबरचा एक जोड, पैसे यूपीआयने, असं धरू. बिल असं येईल:

कापशी कोल्हापुरी, एचएसएन 6403, 1 जोड: ₹1,800.00
कुरिअर: ₹80.00
करपात्र रक्कम: ₹1,880.00
सीजीएसटी 2.5%: ₹47.00
एसजीएसटी 2.5%: ₹47.00
एकूण: ₹1,974.00

पुण्याऐवजी बंगळुरूचा पत्ता असेल तर कुरिअर ₹120 होतं आणि दोन करांच्या जागी आयजीएसटी 5%, म्हणजे ₹96, अशी एकच ओळ येते. एकूण ₹2,016. गोव्याला कुरिअर महाराष्ट्राच्याच भावात आहे, पण राज्य वेगळं असल्यामुळे बिलावर आयजीएसटीच दिसेल. तुमच्या खिशातून जाणारी रक्कम त्याने बदलत नाही.

बिलावर ₹1,800 वाचून काही जण विचारतात की पानावर ₹1,890 का लिहिलंय. ₹1,800 ही कराआधीची किंमत आहे. ती आम्ही पानावर मोठ्या अक्षरांत मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या रकमेत चप्पल कुणालाच मिळत नाही.

आमच्याकडचे वेणी घातलेले हातकामाचे जोड ₹3,540 चे आहेत. तिथे कर 18% पडतो. सप्टेंबर 2025 पासून ₹2,500 पर्यंतच्या जोडाला 5% आणि त्यावरच्या जोडाला 18% असा नियम आहे, आणि हा कर ₹2,500 च्या वरच्या भागावर नसून पूर्ण किमतीवर लागतो. म्हणून त्या जोडाची फोड ₹3,000 + ₹540 अशी आहे. कुरिअरला तेव्हाही तुमच्याकडून पत्त्याप्रमाणे ₹84, ₹126 किंवा ₹210 च घेतो, बिलात त्यातल्या कराची फोड तेवढी बदलते.

पक्कं बिल

माल निघाला त्याच दिवशी बिलाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर येते, छापील प्रत खोक्याच्या बाहेरच्या पाकिटात असते. बिलाचे वेगळे पैसे नाहीत आणि ते मागावंही लागत नाही. आमचा जीएसटी क्रमांक त्यावर असतो. महाराष्ट्रातला असल्यामुळे तो 27 ने सुरू होतो.

कंपनीच्या किंवा दुकानाच्या नावाने बिल हवं असेल तर ऑर्डर करतानाच तुमचा जीएसटी क्रमांक आणि नोंदणीवरचं नाव टाका. «मला जीएसटी बिल हवं» या चौकटीवर टिक केली की दोन्ही रकाने उघडतात. बिल निघाल्यावर त्यात क्रमांक घालून देता येत नाही. महिन्याअखेरीस अशी विनंती हमखास येते, आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं.

«बिल नको, तेवढा भाव कमी करा» असंही विचारलं जातं. आमच्याकडे कच्च्या बिलावर माल जात नाही, त्यामुळे बिलासह आणि बिलाशिवाय असे दोन भाव नाहीत. चप्पल बदलून घ्यायची झाली तर हेच बिल तुमच्या कामाला येतं.

नंबर बसला नाही तर

माल मिळाल्यापासून 7 दिवसांत, बाहेर न वापरलेला जोड परत पाठवा. पाठवण्याचा खर्च तुमचा, बदललेला जोड पाठवण्याचा आमचा. 10 च्या जागी 11 घेतला तर फरकाचे ₹105 लागतील, 11 च्या जागी 10 घेतला तर ₹105 परत येतील. बदली नको, पैसेच हवेत असं असेल तर चपलेचे पूर्ण ₹1,890, करासकट, परत मिळतात आणि तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट येते. आधी भरलेलं कुरिअर या वेळी परत होत नाही. चूक आमची असेल, म्हणजे भलताच नंबर गेला, शिवण उसवलेली निघाली किंवा अंगठा तुटका आला, तर कुरिअर आणि रोखीचे ₹63 धरून सगळे पैसे परत. उलट पाठवण्याचा खर्चही आमचा.

परदेशात

निर्यातीवर आपल्याकडचा जीएसटी लागत नाही, म्हणून 6 ते 10 नंबरच्या जोडाचे ₹1,800 होतात. टपालखर्च देश आणि वजन पाहून आधी कळवतो, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच पैसे घेतो. मात्र तिथल्या कस्टम्सने कर लावला तर तो तिथेच, तुम्हाला भरावा लागतो. किती लागेल हे आम्ही सांगू शकत नाही, म्हणून परदेशी ऑर्डरच्या रकमेपुढे «तिथलं आयात शुल्क वेगळं» असं लिहिलेलं असतं. भारतातल्या कुठल्याही ऑर्डरपुढे अशी ओळ नसते.

ऑर्डर झाल्यावर येणारा संदेश

«नमस्कार. कापशी कोल्हापुरी, 9 नंबर, 1 जोड. चप्पल ₹1,890, कुरिअर ₹84, एकूण ₹1,974, सर्व करांसह. पैसे मिळाले, आता काही देणं नाही. माल उद्या कोल्हापुरातून निघेल, बिल त्याच दिवशी इथेच येईल. नाव, पत्ता किंवा नंबर बदलायचा असेल तर आज संध्याकाळी 6 पर्यंत याच नंबरवर कळवा.»