टॅरो : नवशिक्यांसाठी दहा आठवड्यांचा पाठ-आराखडा

आठवड्यातून एक वर्ग, दोन तासांचा. विद्यार्थी बारा. सगळ्यांकडे रायडर-वेट-स्मिथ डेक हवा. १९०९ सालच्या या डेकची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात मायनर, म्हणजे पत्त्यांसारख्या चार गटांतल्या कार्डांवरही प्रसंग रंगवलेले आहेत, म्हणून नवख्याला बरा. सोबत जाड वही. अर्थांची पुस्तिका पहिले चार आठवडे घरीच राहू द्यावी.

आठवडा १ : ७८ कार्डं, त्यात स्वतंत्र नावांची २२ मेजर, ५६ मायनर. पंधराव्या शतकात इटलीत ही कार्डं खेळायला निघाली, भविष्य त्यांना बरंच नंतर चिकटलं, हे आजच सांगून टाकायचं. (‘इजिप्तचं गुपित’ ऐकून आलेला एखादा असतोच.) मग शून्य क्रमांकाचं ‘फूल’. दहा मिनिटं नुसतं बघायचं. कड्याच्या टोकाशी तरुण, हातात पांढरा गुलाब, पायाशी कुत्रा. कुत्रा खेळतोय की अडवतोय? उत्तर मी देणार नाही, ज्यानं त्यानं वहीत लिहायचं.

आठवडे २, ३, ४ : उरलेली २१ मेजर, दर वेळी सात. तिसऱ्या आठवड्यात ‘डेथ’ येतं आणि वर्ग गप्प होतो. तेव्हा घोड्यावरच्या सांगाड्यावरून नजर काढून मागे, दोन मनोऱ्यांमधल्या सूर्याकडे वळवायची. चौथ्यात ‘डेव्हिल’ : गळ्यातल्या साखळ्या किती सैल आहेत, ते कोणाला आधी दिसतं बघू.

आठवडे ५, ६ : मायनरचे चार गट. आधी कप्स आणि वॉन्ड्स, मग स्वॉर्ड्स आणि पेंटॅकल्स. एक्का ते दहा. पाठांतर नको. ‘फाइव्ह ऑफ कप्स’मध्ये तीन पेले सांडलेत, पाठीमागे दोन उभे आहेत, यावर वहीत पाच ओळी.

आठवडा ७ : सोळा कोर्ट कार्डं, म्हणजे दर गटातले पेज, नाइट, क्वीन आणि किंग. इथे सगळेच अडखळतात. ओळखीच्या माणसांशी जोड्या लावायच्या, नावं न घेता.

आठवडा ८ : तीन कार्डांचा स्प्रेड, म्हणजे मांडणी. निम्मा वेळ प्रश्न घडवण्यात जाईल, जाऊ द्यावा. ‘नोकरी मिळेल का?’ऐवजी ‘मुलाखतीआधी मी कशाकडे दुर्लक्ष करतेय?’

आठवडा ९ : सेल्टिक क्रॉस, दहा कार्डं. एकच रीडिंग, सगळ्यांनी मिळून.

आठवडा १० : नीती. खरं तर तिची सुरुवात पहिल्या दिवशीच होते : आठव्या आठवड्यापर्यंत दुसऱ्या कोणाचंही रीडिंग करायचं नाही. आज जोडीनं सराव. एकानं मुद्दाम विचारायचं, “माझा नवरा काय लपवतोय?” दुसऱ्यानं सांगायचं, “ते इथे नाहीत, त्यांच्याबद्दल मी कार्ड काढणार नाही. तुम्हाला कसली काळजी वाटतेय, ते बघूया.” आजार, गर्भारपण, मृत्यू, कोर्टकचेरी यांवर निदान द्यायचं नाही, डॉक्टर किंवा वकिलांकडे जायला सांगायचं. ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. आणि भीती घालून ‘उपाय’ विकणाऱ्यानं माझ्या वर्गाचं नाव सांगू नये.

शेवटची वीस मिनिटं पुन्हा ‘फूल’. आधी नवं पान लिहायचं, मग पहिल्या आठवड्याचं उघडायचं.